शंभर रुपयांच्या दोन बातम्या

२०२४ च्या फेब्रुवारीअखेर एक बातमी आली आणि दोन दिवसांत घरोघरच्या मोबाइलवर पोहोचली. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या संशोधकांनी कॅन्सर पुन्हा होऊ न देणारी गोळी शोधली आणि तिची किंमत फक्त शंभर रुपये, अशी ती बातमी होती. पुढचे काही आठवडे ज्यांच्या घरात कॅन्सर होऊन गेला आहे असे भिंगार, कॅम्प आणि नगरमधले लोक मला एकच प्रश्न विचारत होते, "डॉक्टर, ती गोळी आपल्याकडे कधी येणार?"

त्याआधी दीड वर्ष, सप्टेंबर २०२२ मध्ये, त्याच टाटा मेमोरियलमधून दुसरी एक बातमी आली होती. तीही कॅन्सरबद्दल होती आणि तीही शंभर रुपयांच्याच आसपासची होती. दोन्ही बातम्यांत नावही एकच होतं, ज्येष्ठ कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. राजेंद्र बडवे यांचं. ती बातमी एका इंजेक्शनची होती. तिच्याबद्दल मला आजतागायत एकाही पेशंटने विचारलेलं नाही.

गंमत अशी की गोळीच्या बातमीमागे, कॅन्सर परत येण्याच्या मुद्द्यापुरतं बोलायचं तर, उंदरांवरचा प्रयोग होता. इंजेक्शनच्या बातमीमागे सोळाशे स्त्रिया आणि दहा-अकरा वर्षांचं काम होतं. जिचा पुरावा कच्चा ती बातमी गावभर झाली आणि जिचा पुरावा भक्कम ती वाऱ्यावर गेली. हे का होतं आणि अशी बातमी कशी सांगावी, कशी वाचावी, याबद्दल आज थोडं सविस्तर लिहितो.

गोळीच्या बातमीत काय सांगितलं होतं?

आधी शास्त्र समजून घेऊ. टाटाच्या संशोधकांची कल्पना अशी आहे. केमोथेरपी, रेडिएशन किंवा ऑपरेशनमुळे कॅन्सरच्या पेशी मरतात, तेव्हा त्यांच्या केंद्रकातल्या क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि प्रथिनं मिळून बनलेल्या द्रव्याचे, बारीक तुकडे रक्तात सुटतात. हे तुकडे फिरत फिरत चांगल्या पेशींत शिरतात आणि तिथे बिघाड करू शकतात, असं त्यांचं म्हणणं. यावर उपाय म्हणून त्यांनी दोन पदार्थ एकत्र केले. एक रेझव्हेरॅट्रॉल, जे द्राक्षांच्या सालीत असतं, आणि दुसरं तांबं, तेही अत्यंत कमी प्रमाणात. ही जोडी पोटात गेली की ऑक्सिजनचे तीव्र क्रिया करणारे कण तयार होतात आणि ते रक्तातल्या त्या तुकड्यांना नष्ट करतात, अशी ही मांडणी आहे.

कल्पना विचार करण्यासारखी आहे, आणि तिच्यामागे टाटामधल्या लोकांची सुमारे दहा वर्षांची मेहनत आहे. तिची थट्टा करण्याचं काहीच कारण नाही.

बातमीत दोन आकडे होते. या गोळीमुळे उपचारांचे दुष्परिणाम सुमारे ५० टक्क्यांनी कमी होतात आणि कॅन्सर पुन्हा होणं रोखण्यात ती सुमारे ३० टक्के परिणामकारक आहे. किंमत शंभर रुपये आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची मान्यता यायची बाकी.

पण त्याच बातमीत आणखी एक वाक्य होतं. दुष्परिणामांवरचा परिणाम उंदीर आणि माणसं दोघांवरही तपासला आहे, मात्र कॅन्सर रोखण्याची चाचणी फक्त उंदरांवर झाली आहे आणि माणसांवरच्या चाचण्या पूर्ण व्हायला सुमारे पाच वर्षं लागतील, असा त्याचा आशय होता. हे टाटाच्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते छापूनही आलं होतं. म्हणजे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणी लपवली नव्हती.

मथळा करताना मात्र ते वाक्य गळलं. मथळ्यावरून मेसेज तयार झाला, तेव्हा '३० टक्के'ही गळले. माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत उरलं ते एवढंच की टाटाने गोळी काढली, शंभर रुपयांत कॅन्सर परत येत नाही. कोणी खोटं बोललं नाही आणि तरीही शेवटी लोकांच्या हाती आलं ते खोटंच.

उंदरांपासून माणसांपर्यंत

उंदरांवरचे प्रयोग लागतातच. त्यांच्याशिवाय नवं औषध माणसाला देणं योग्यही नाही. पण प्रयोगातला उंदीर कसा असतो ते बघा. सगळे उंदीर जवळजवळ एकाच साच्याचे, एकाच वयाचे, एकच खाणं खाणारे. त्यांच्या अंगात कॅन्सरच्या पेशी बाहेरून टोचलेल्या असतात. सगळा प्रयोग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपतो.

आता आपला पेशंट बघा. साठीची बाई, मधुमेह, रक्तदाब, पाच गोळ्या आधीच चालू. तिचा कॅन्सर तिच्याच शरीरात वर्षानुवर्षं वाढलेला, आणि तो परत आलाच तर दोन वर्षांनी येईल किंवा बारा वर्षांनी. उंदरांत छान चाललेली कितीतरी औषधं माणसांत आल्यावर निष्प्रभ ठरली आहेत. म्हणून 'उंदरांत ३० टक्के' या शब्दांतला 'उंदरांत' काढला की उरलेल्या '३० टक्के'ला माणसांच्या बाबतीत काही अर्थच राहत नाही.

पंचवीस रुग्ण म्हणजे किती?

मग माणसांवर काय झालं होतं? ही जोडगोळी दुष्परिणाम कमी करते का, हे बघणारे छोटे अभ्यास टाटामध्ये झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरचे एकूण २५ रुग्ण होते. त्यांना स्टेम सेल प्रत्यारोपणाआधी मोठ्या डोसची केमोथेरपी दिली जाते आणि त्यामुळे तोंडात भयंकर व्रण येतात, पाणी गिळणंही अवघड होतं. गोळीमुळे हे व्रण कमी होतात का, हा त्या अभ्यासाचा एक मुख्य प्रश्न होता.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली म्हणजे प्रश्न तोंडातल्या व्रणांचा होता, कॅन्सर परत येण्याचा नव्हता. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवता येत नाही. पाहुण्यांनी चहा छान झाला म्हटलं म्हणून लग्नाचा स्वयंपाकही त्याच हाताला जमेल, असं आपण धरून चालत नाही.

दुसरी गोष्ट संख्येची. २५ रुग्ण वेगवेगळ्या गटांत वाटले की एकेका गटात मोजकीच माणसं उरतात, आणि मोजक्या माणसांत नशीब फार खेळ करतं. ते कसं, हे नाणेफेकीने समजतं. समजा, एखाद्या आजारात औषध न घेताही निम्मे लोक आठवड्यात बरे होतात. मी अशा पाच जणांना निव्वळ साखरेची गोळी दिली. पाचही जण बरे होण्याची शक्यता किती? पाच वेळा नाणं उडवून पाचही वेळा छापा पडण्याची जितकी, म्हणजे ३२ मध्ये १. ही फार दुर्मीळ गोष्ट नाही. ३२ डॉक्टरांनी आपापल्या दवाखान्यात असा प्रयोग केला तर सरासरी एकाला शंभर टक्के यश मिळेल. बाकीचे ३१ जण गप्प बसतील, आणि पेपरात बातमी त्या एकाची येईल.

म्हणून लहान अभ्यास टाकाऊ असतो असं मात्र समजू नका. त्याचं काम वेगळं आहे. औषध सोसवतं का, डोस किती असावा, मोठा अभ्यास करण्याइतकी आशा दिसते का, एवढंच त्याने सांगायचं असतं. छोट्या अभ्यासाचं चांगलं उत्तर म्हणजे 'पुढे चला', 'पोहोचलो' नव्हे.

तीस टक्के कशाचे?

पेशंट मला सांगत होते, "डॉक्टर, १०० पैकी ३० जणांचा कॅन्सर थांबतो म्हणे." टक्क्यांची ही भाषा नेहमीच फसवते, म्हणून जरा हिशेब करू. आकडे मी फक्त समजावण्यासाठी धरतो आहे.

समजा, एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये उपचारांनंतर पाच वर्षांत १०० पैकी ३० जणांना तो परत होतो. एखाद्या औषधाने हा धोका ३० टक्क्यांनी कमी केला, तर ३० चे ३० टक्के म्हणजे ९. म्हणजे ३० ऐवजी २१ जणांना कॅन्सर परत होईल. शंभरातल्या ७० जणांना तो तसाही होणार नव्हता, २१ जणांना गोळी घेऊनही होणार आणि फायदा झाला तो ९ जणांना. नऊ जीव म्हणजे काही थोडे नव्हेत, असं औषध मी आनंदाने लिहून देईन. पण 'कॅन्सर रोखणारी गोळी' हे शब्द ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर जे उभं राहतं आणि हे नऊ, यांत फार अंतर आहे.

आता हेच नऊ सिद्ध करायला किती माणसं लागतील? वीस-वीस जणांचे दोन गट केले तर एका गटात ६ जणांचा आणि दुसऱ्यात साधारण ४ जणांचा कॅन्सर परत येईल. दोन माणसांचा फरक. तो औषधाचा की नशिबाचा, कोण सांगणार? संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने, एवढा फरक खात्रीने पकडायला प्रत्येक गटात साडेतीनशेच्या वर, म्हणजे एकूण सातशेच्या वर माणसं लागतात, आणि त्यांच्यावर पाच वर्षं नजर ठेवावी लागते. टाटाच्या डॉक्टरांनी पाच वर्षं सांगितली ती उगाच नाही.

द्राक्षातल्या औषधाची जुनी गोष्ट

रेझव्हेरॅट्रॉल चमत्कार म्हणून गाजण्याची ही काही पहिली वेळ नाही. फ्रान्समधले लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार त्या मानाने कमी दिसतो. याचं कारण त्यांची रेड वाइन असावी, असा तर्क १९९२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडला गेला. पुढे वाइनमधला गुणकारी पदार्थ म्हणून रेझव्हेरॅट्रॉलचं नाव झालं. २००६ मध्ये लठ्ठ उंदरांना ते दिल्यावर ते जास्त जगले असं दिसलं, आणि मग त्याच्या कॅप्सूलचा बाजारच सुरू झाला.

पण वाइन पिणाऱ्यांचं हृदय चांगलं असणं आणि वाइनमुळे हृदय चांगलं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पहाटे फिरायला जाणारी म्हातारी माणसं बहुधा ठणठणीत दिसतात. फिरण्याचा फायदा आहेच. पण ज्याचे गुडघे धड आहेत, ज्याला दम लागत नाही, ज्याला पहाटे उठून कामाला पळायचं नाही, तोच मुळात फिरायला जातो. म्हणजे ठणठणीतपणाचं थोडं श्रेय फिरण्याला, आणि बरंचसं फिरणं ठणठणीतपणामुळे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं होत नाही. वाइनचंही तेच. ती रोज जेवणासोबत पिणाऱ्यांचा आहार, मिळकत, राहणी सगळंच वेगळं असू शकतं.

मग इटलीतल्या कियान्ती या वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या भागात ६५ वर्षांवरच्या ७८३ जणांच्या लघवीत रेझव्हेरॅट्रॉलचे अंश मोजले गेले आणि त्यांच्यावर सुमारे नऊ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आला. आहारातून ज्यांच्या पोटात रेझव्हेरॅट्रॉल जास्त जात होतं ते जास्त जगले नाहीत, आणि त्यांना हृदयविकार किंवा कॅन्सर कमी झाला असंही दिसलं नाही.

याच पदार्थाची आणखी एक गोष्ट माझ्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. टाटाच्या गोळीच्या काही वर्षं आधी परदेशात मायलोमाच्याच रुग्णांना दिवसाला ५ ग्रॅम रेझव्हेरॅट्रॉल देऊन बघितलं गेलं. काही रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागल्यावर तो अभ्यास थांबवावा लागला. टाटाच्या गोळीत हे प्रमाण काही मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या सुमारे हजारावा भाग आहे. त्यामुळे टाटाची गोळी मूत्रपिंडाला वाईट, असा अर्थ इथे काढू नका. अर्थ असा, की नाव एक असलं तरी डोस बदलला की औषध बदलतं. २०२४ ची बातमी वाचून काही जणांनी ऑनलाइन रेझव्हेरॅट्रॉलच्या कॅप्सूल मागवल्या. त्यांत कित्येकदा एका कॅप्सूलमध्ये शेकडो मिलिग्रॅम असतात. ती टाटाची गोळी नव्हे, आणि केमोथेरपी चालू असताना ती मनाने घेणं धोक्याचं आहे.

मान्यतेबद्दलही एक शब्द. अन्न सुरक्षा प्राधिकरण खाद्यपदार्थांना आणि पोषक पूरकांना मान्यता देतं. औषध म्हणून एखादा रोग बरा होतो की रोखला जातो, याचा पुरावा तपासण्याचं काम औषध नियंत्रकांचं आहे. तेव्हा 'मान्यता मिळाली' असं वाचलं तर ती कोणाची आणि कशासाठी, हे बघा.

आता इंजेक्शनची बातमी

ज्या बातमीबद्दल मला कोणी विचारलं नाही ती आता सांगतो. दात काढताना हिरडीत जे भुलीचं इंजेक्शन देतात, त्यातलं औषध म्हणजे लिडोकेन. डॉ. बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये, गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी, गाठीच्या भोवती लिडोकेन टोचलं. ऑपरेशनच्या धक्क्याने कॅन्सरच्या पेशी सुटून पसरण्याची शक्यता असते. त्या थोड्या वेळासाठी शांत राहिल्या तर फायदा होईल का, हा प्रश्न होता. खर्च एका रुग्णामागे शंभर रुपयांच्या आत.

भारतातल्या ११ केंद्रांवर १,६०० स्त्रियांवर हा अभ्यास झाला. २०११ मध्ये सुरू झाला, २०२२ मध्ये निकाल सांगितला गेला आणि २०२३ मध्ये तो सविस्तर प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांना इंजेक्शन, निम्म्यांना नाही. बाकी ऑपरेशन आणि नंतरचे उपचार नेहमीसारखेच.

इंजेक्शन कोणाला द्यायचं हे ना डॉक्टरांनी ठरवलं, ना पेशंटने. ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. सगळी किल्ली इथे आहे. डॉक्टरने निवड केली असती तर कळत नकळत धडधाकट बायका एका गटात गेल्या असत्या. चिठ्ठीला कोणाची गाठ मोठी, कोणाचं वय जास्त, कोण पैसेवाली हे कळत नाही. त्यामुळे शेकडो जणींचे दोन गट सगळ्या बाबतीत जवळजवळ सारखे होतात. मग पुढे दोघांत फरक दिसला तर तो इंजेक्शनमुळे, असं म्हणण्याचा आपल्याला हक्क मिळतो. पहाटे फिरणाऱ्यांच्या बाबतीत जो हक्क नव्हता, तो इथे आहे.

निकाल असा. पाच वर्षांनी, इंजेक्शन न घेतलेल्या १०० पैकी सुमारे ८६ स्त्रिया हयात होत्या (८६.४ टक्के), इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे ९० (९०.१ टक्के). कॅन्सर परत न येता जगणाऱ्यांचं प्रमाण ८२.६ टक्क्यांवरून ८६.६ टक्क्यांवर गेलं.

हीच गोष्ट दोन प्रकारे सांगता येते. 'इंजेक्शनने मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी घटला' हे गणिताने बरोबर आहे, प्रबंधातही आहे. 'शंभर जणींना इंजेक्शन दिलं तर पाच वर्षांत जवळजवळ चार जणी जास्त वाचतात' हेही बरोबर आहे. पहिलं वाक्य चमत्कारासारखं वाटतं, दुसरं साधं वाटतं. मला दुसरं जास्त मोठं वाटतं, कारण त्यात माणसं दिसतात. साधारण २७ बायकांना शंभर रुपयांचं इंजेक्शन दिलं की एक जीव वाचतो. हे कळल्यावर चमत्काराची गरजच काय?

आणि याच्याही मर्यादा आहेत. दुसऱ्या गटाला खोटं, म्हणजे नुसत्या पाण्याचं, इंजेक्शन दिलेलं नव्हतं. त्यामुळे कोणाला काय मिळालं हे सर्जनला माहीत होतं. हा एकच मोठा अभ्यास आहे, इतर देशांत तसंच दिसणं बाकी आहे. तो अशा स्त्रियांवर झाला ज्यांचा कॅन्सर पसरलेला नव्हता आणि ज्यांचं ऑपरेशन केमोथेरपीच्या आधी झालं. ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं आहे त्यांना आता या इंजेक्शनचा उपयोग नाही. एवढं सगळं सांगूनही बातमी चांगलीच राहते. खरी बातमी मर्यादा सांगितल्याने लहान होत नाही.

"आशा दिली तर बिघडलं काय?"

हा प्रश्न मला एका शिकलेल्या गृहस्थांनी विचारला, आणि तो प्रामाणिक होता. त्याचं उत्तर माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीच्या एका बाईंच्या उदाहरणाने देतो. त्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि टॅमॉक्सिफेन चालू होतं. या गोळीने अंगातून गरम वाफा निघतात, झोपमोड होते, चिडचिड होते. त्या म्हणाल्या, "टाटाची शंभर रुपयांवाली येणारच आहे, तर ही बंद करू का?"

टॅमॉक्सिफेनमागे काय पुरावा आहे ते बघा. चिठ्ठी पद्धतीने झालेले २० अभ्यास आणि २१ हजारांहून जास्त स्त्रिया. ज्यांचा कॅन्सर हार्मोनला प्रतिसाद देणारा असतो त्यांनी ही गोळी पाच वर्षं घेतली तर त्या पाच वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं, गोळी बंद केल्यावरही पुढची काही वर्षं फायदा टिकतो, आणि पंधरा वर्षांत त्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. म्हणजे कॅन्सर परत येणं रोखणारी स्वस्त गोळी त्या बाईंच्या पर्समध्ये आधीपासूनच होती. तिची बातमी कधी होत नाही, कारण ती जुनी आहे.

त्यांना मी हे सगळं सांगितलं, वाफांसाठी काय करता येईल तेही सांगितलं, आणि त्यांनी गोळी चालू ठेवली. पण ज्या विचारायला आल्याच नाहीत त्यांचं काय? फुगवलेली आशा फुकट नसते. तिची किंमत कोणीतरी हातातलं खरं औषध सोडून मोजतं.

मग बातमी कशी सांगावी?

माझं मत असं की अर्ध्या पायरीवरचं संशोधन लोकांसमोर आणायला हरकत नाही. लोकांच्या पैशातून ते होतं, लोकांना ते कळलंच पाहिजे. पण चार गोष्टी एकमेकींना सोडून सांगू नयेत. प्रयोग कोणावर झाला, किती जणांवर झाला, तुलना कोणाशी केली आणि नेमकं काय मोजलं. मुलाखत देणाऱ्या डॉक्टरने 'फक्त उंदरांवर' हे पहिल्या वाक्यात सांगावं, शेवटच्या नव्हे, कारण शेवटचं वाक्य वाटेत गळतं हे आता आपण बघितलं. वार्ताहराने ते मथळ्यात ठेवावं. आणि गोळीची किंमत, ती चालते हे ठरल्यावरच छापावी. न ठरलेल्या औषधाची किंमत छापली की वाचणाऱ्याला ते दुकानात आल्यासारखंच वाटतं.

गोळीची बातमी अशी लिहिता आली असती: 'द्राक्षातला एक घटक आणि अल्पसं तांबं यांच्या मिश्रणाने उंदरांमध्ये कॅन्सर पुन्हा होण्याचं प्रमाण कमी झालं, असं टाटा मेमोरियलच्या संशोधकांचं म्हणणं आहे. केमोथेरपीचे दुष्परिणाम कमी होतात का, हे थोड्या रुग्णांवर तपासलं आहे. माणसांमध्ये कॅन्सर परत येणं थांबतं का, हे कळायला सुमारे पाच वर्षं लागतील. तोवर चालू उपचार बदलू नयेत.' चारच वाक्यं आहेत, मोबाइलच्या एका पडद्यावर मावतात. यात टाटाच्या कामाचा मानही राहतो आणि पेशंटचा जीवही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर असा मेसेज आला की पुढे पाठवण्याआधी त्यात या चार गोष्टींची उत्तरं शोधा. सापडली नाहीत तर तो तुमच्यापाशीच थांबू द्या. कॅन्सरच्या चालू गोळ्या कुठल्याही बातमीवरून बंद करू नका किंवा कमी करू नका. आणि घरात कोणाचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं असेल, तर ऑपरेशनच्या आधीच सर्जनना विचारा, "गाठीभोवती लिडोकेन देण्याचा अभ्यास झाला आहे, तो आमच्या पेशंटला लागू होतो का?" उत्तर हो असेल किंवा नाही असेल, पण प्रश्न योग्य आहे.